तीनशे छापायच्या की पाचशे? कळव्यातल्या एका पुस्तकाचा हिशोब

कळव्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने खाडीकाठच्या गावांच्या आठवणी लिहिल्या होत्या. प्रकाशकांकडे दोन वर्षं थांबून झाल्यावर त्यांनी स्वतःच पुस्तक काढायचं ठरवलं. माझं काम छपाईचे अंदाजपत्रक काढण्याचं, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. हातात तीन कोटेशनं आणि डोक्यात एकच प्रश्न होता : "एक प्रत कितीला पडेल तेवढं सांगा."

तिन्ही कोटेशनांत तीन वेगळे आकडे होते. ७२ रुपये, १२५ रुपये, आणि 'सगळं धरून १०० प्रतींचे ४५ हजार'. बाईंना वाटलं होतं की पहिला छापखाना स्वस्त आणि तिसरा लुटारू. प्रत्यक्षात तिघेही तीन वेगळ्या गोष्टींचा भाव सांगत होते. पहिल्याचा भाव ५०० प्रतींचा होता आणि कागद ६० जीएसएमचा, म्हणजे मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतील असा. मुखपृष्ठावरचं लॅमिनेशन त्यात नव्हतं. दुसऱ्याचा भाव डिजिटल छपाईचा, प्रती कितीही काढा. तिसऱ्यात मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि 'मार्केटिंग' नावाची एक ओळ होती. तिच्याखाली नेमकं काय करणार ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून कोटेशनं बाजूला ठेवली आणि पुस्तक एकच धरून हिशोब शून्यापासून मांडला : डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), आतला कागद ७० जीएसएम नॅचरल शेड, आत एकरंगी छपाई, ३०० जीएसएम आर्ट कार्डचं चार रंगी मुखपृष्ठ, मॅट लॅमिनेशन, परफेक्ट बाइंडिंग. खाली येणारे दर त्या वेळी आम्हाला मिळालेले, कर धरून आहेत. कर धरून म्हणायचं कारण असं की छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर आहे. लेखकाला तो पुढे कुणाकडून वसूल करता येत नाही, म्हणजे तो खर्चच. दर बदलतील, हिशोबाची रीत बदलणार नाही.

आधी पानं. अक्षरजुळणी झाल्यावर पुस्तक १८८ पृष्ठांचं भरलं. ऑफसेटला, म्हणजे प्लेटा बनवून यंत्रावर छापताना, पुस्तक पृष्ठांनी छापलं जात नाही, फर्म्यांनी छापलं जातं. १८ बाय २३ इंचाच्या कागदावर डेमीची आठ पृष्ठं एका बाजूला, आठ दुसऱ्या बाजूला बसतात. घडी घातली की १६ पृष्ठांचा एक फर्मा. १८८ पृष्ठांना १२ फर्मे लागतात आणि चार पृष्ठं कोरी राहतात. ११ फर्म्यांत १७६ पृष्ठं. म्हणजे १२ पृष्ठं वाचवली तर एक अख्खा फर्मा वाचतो. बाराव्या फर्म्याच्या दोन प्लेटा, दोन्ही बाजूंची छपाई आणि ३०० प्रतींचा कागद धरला तर जवळपास दोन हजार रुपये होत होते.

मजकूर कापायची गरज पडली नाही. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचा आग्रह होता, त्यामुळे मधेमधे सात पृष्ठं कोरी सुटली होती. प्रकरणं डाव्या पानावरही सुरू होऊ दिली आणि ओळींमधलं अंतर केसभर कमी केलं, की पुस्तक १७६ वर आलं. बाईंना आधी ते खटकलं, पण छापील नमुना पाहिल्यावर त्यांना स्वतःलाच फरक सांगता येईना.

आता पैसे. खर्चाचे दोन ढीग करायचे. एक ढीग प्रती १० काढा की १०००, तेवढाच राहतो. दुसरा प्रत्येक प्रतीबरोबर वाढतो. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण कुठली ओळ कुठल्या ढिगात जाते ते मात्र नीट पाहिलं जात नाही.

पहिल्या ढिगात अक्षरजुळणी आणि मांडणी पृष्ठाला ३० रुपयांनी ५,२८० रुपये. मुद्रितशोधन ६,१६०. मुखपृष्ठ ६,०००. दोन डमी प्रती डिजिटलवर काढून बघायला ५६०. बेरीज बरोबर १८ हजार. पुस्तकाच्या ओळखक्रमांकाला, म्हणजे आयएसबीएनला, पैसे लागत नाहीत. केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करून लेखकालाही तो मोफत मिळतो. कुणी पॅकेजमध्ये त्याचे दोन-तीन हजार लावत असेल, तर ते अर्ज भरून देण्याचे पैसे आहेत एवढं समजून घ्यावं.

मुद्रितशोधनावर जरा थांबतो, कारण कात्री लावायची म्हटली की पहिली इथेच लागते. "माझे जुने विद्यार्थी वाचतील की, मराठीचे आहेत," असं बाई म्हणाल्या. विद्यार्थ्यांनी वाचावं, जरूर वाचावं, पण ते मजकूर वाचतात. मुद्रितशोधक अक्षर वाचतो. या पुस्तकाचा अर्धा भाग जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप झालेला होता आणि तो युनिकोडमध्ये आणताना नेहमीचे घोटाळे झाले होते : 'वाऱ्यावर'चा 'वार्यावर', 'कोऱ्या'चा 'कोर्या', 'ॲ' काही ठिकाणी सुटून नुसता 'अ', आणि काही जोडाक्षरांत पाय मोडलेलं अक्षर तसंच उघडं. गोष्टीत रमलेला वाचक हे सहज ओलांडून जातो. पुस्तक हातात आल्यावर मात्र तोच वाचक ते पेन्सिलीने गोल करून पाठवतो.

म्हणून दोन वाचनं ठरवली. पहिलं पृष्ठाला २५ रुपयांनी, ४,४०० रुपये. हे मांडणीच्या आधी, मजकुरावर. दुसरं पृष्ठाला १० रुपयांनी, १,७६० रुपये, मांडणी झालेल्या पीडीएफवर. दुसऱ्यात सापडणाऱ्या चुका निराळ्याच असतात : ओळीच्या शेवटी भलतीकडे तुटलेला शब्द, पानाच्या माथ्यावर आधीच्याच प्रकरणाचं नाव, अनुक्रमणिकेतला पृष्ठक्रमांक आणि प्रत्यक्ष पृष्ठ यांत दोनाचा फरक. फर्मा वाचवायला मांडणी हलवली असेल तर अनुक्रमणिका हमखास चुकते. दर ठरवताना पृष्ठ कुठलं तेही विचारून घ्यावं. ए-फोरच्या टाइप केलेल्या पानावर डेमीच्या पृष्ठापेक्षा बराच जास्त मजकूर असतो, त्यामुळे 'पानाला २५' या एकाच वाक्याचे दोन वेगळे हिशोब होतात. आमचा दर छापील पृष्ठाचा होता.

आणि प्रतीमागे? १०० प्रतींवर मुद्रितशोधन ६१ रुपयांच्या वर जातं, ३०० वर साडेवीस, १००० वर सहा. मुखपृष्ठाचंही तेच : ६०, २०, ६. छोट्या आवृत्तीत या दोन ओळी डोळ्यात खुपतात ते खरंच आहे. पण त्या कापून १०० प्रतींचं पुस्तक स्वस्त होतं असं समजू नये, कारण खुपतो आहे तो भागाकार. दर तोच आहे.

दुसरा ढीग छपाईचा, आणि इथे दोन वाटा फुटतात.

डिजिटलला प्लेट नसते. पृष्ठाला ५० पैसे, म्हणजे १७६ पृष्ठांचे ८८ रुपये; मुखपृष्ठ, लॅमिनेशन, बाइंडिंग मिळून ३७. प्रत १२५ रुपयांना. दहा काढा की दोनशे, जवळपास तेवढीच.

ऑफसेटला यंत्र सुरू व्हायच्या आधीच पैसे लागतात. ११ फर्म्यांच्या २२ प्लेटा, २५० रुपयांनी ५,५००. छपाई प्लेटमागे ४५० रुपयांनी ९,९००. इथे बारकाईने बघायचं : हे ४५० रुपये पहिल्या हजार इम्प्रेशनचे, म्हणजे हजार छापांचे असतात. तुम्ही ३०० काढल्या तरी यंत्रवाला हजाराचेच घेतो, कारण प्लेट चढवणं, शाई जुळवणं, रजिस्टर बसवणं म्हणजे छाप नेमक्या जागी पडेल असं करणं, यात त्याचा तेवढाच वेळ गेलेला असतो. मुखपृष्ठाच्या चार प्लेटा आणि छपाई ३,६००. शाई आणि रजिस्टर जुळेपर्यंत वाया जाणारा कागद फर्म्यामागे ६० ताव धरला तर सुमारे हजार रुपये. एकूण २० हजार, पहिली चांगली प्रत निघायच्या आधी.

त्यानंतर प्रत्येक प्रत मात्र स्वस्त. २३ बाय ३६ च्या पूर्ण तावात ३२ पृष्ठं निघतात, म्हणजे प्रतीला साडेपाच ताव. ७० जीएसएमचा असा एक ताव ३७ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणून प्रतीला २०६ ग्रॅम कागद. किलोला ८५ रुपयांनी साडेसतरा रुपये. मुखपृष्ठाचं कार्ड आणि लॅमिनेशन ६, घडी-जुळणी-बाइंडिंग साडेबारा. प्रतीला ३६ रुपये.

दोन्ही वाटा कुठे छेदतात ते आता एका भागाकारात निघतं. २० हजार भागिले (१२५ वजा ३६), म्हणजे सुमारे २२५ प्रती. त्याच्या खाली डिजिटल, वर ऑफसेट. २०० प्रतींना डिजिटल २५ हजार आणि ऑफसेट २७,२००. ३०० ला डिजिटल ३७,५०० आणि ऑफसेट ३०,८००. हा २२५ चा आकडा या पुस्तकाचा आहे. आत रंगीत फोटो असते किंवा पुस्तक ६४ पृष्ठांचं असतं, तर तो दुसरीकडेच पडला असता.

छापखाना नवी मुंबईत, तुर्भ्याच्या एमआयडीसीत. तिथून कळव्याला माल आणायचा टेम्पो आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चढवायची हमाली वेगळी. १०० प्रती म्हणजे २१ किलो, रिक्षाने ३०० रुपयांत येतात. २०० ला ५००. ३०० आणि ५०० ला एकच छोटा टेम्पो, ९००. हजार प्रती दोनशे किलोंच्या वर जातात, १,५०० लागतात. सगळं मिळून असं दिसलं :

| प्रती | पद्धत | छपाई | एकूण (१८,००० आणि टेम्पो धरून) | प्रतीमागे |
|---|---|---|---|---|
| १०० | डिजिटल | १२,५०० | ३०,८०० | ३०८ |
| २०० | डिजिटल | २५,००० | ४३,५०० | २१८ |
| ३०० | ऑफसेट | ३०,८०० | ४९,७०० | १६६ |
| ५०० | ऑफसेट | ३८,००० | ५६,९०० | ११४ |
| १००० | ऑफसेट | ५६,००० | ७५,५०० | ७६ |

हा तक्ता पाहिला की माणूस हजारावर बोट ठेवतो. बाईंनीही ठेवलं. "३०८ कुठे आणि ७६ कुठे! हजारच काढूया ना."

तक्त्यातला भागाकार छापलेल्या प्रतींनी केलेला आहे. घरात येणारे पैसे विकलेल्या प्रतींचे असतात. म्हणून मी त्यांना नावांची यादी करायला सांगितली, आणि ती त्यांनी शाळेच्या हजेरीसारखी नीट करून आणली. चारशेच्या वर नावं. मग एकेका नावापुढे खूण केली : पैसे देऊन घेणार, भेट द्यावी लागणार, नुसतं अभिनंदन करणार. तिसरा रकाना सगळ्यात लांब झाला. पहिल्यात १७० उरले. गावातली वाचनालयं, ठाण्यातले दोन पुस्तकविक्रेते आणि ऐकून मागणारे असे आणखी ९० धरले. मला तो आकडा थोडा सढळ वाटत होता, पण राहू दिला. विक्री २६०. भेटीच्या प्रती ६०. त्यात ज्यांच्या मुलाखती घेतल्या ती माणसं, घरचे, अभिप्रायासाठीच्या प्रती, आणि कायद्याने द्यायच्या चार. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतःच पुस्तक काढणारा प्रकाशकच असतो, त्याला ते लागू आहे.

आता भागाकार पुन्हा केला. ३०० छापल्या तर ६० भेटीच्या जाऊन २४० विकायला उरतात : ४९,७०० भागिले २४०, प्रत २०७. ५०० छापल्या आणि २६० विकल्या तर २१९. हजार छापल्या आणि तेवढ्याच विकल्या तर २९०. पहिल्या तक्त्यात सगळ्यात स्वस्त असलेली ओळ या तिन्हींत सगळ्यात महाग झाली. १०० प्रतींचं मात्र इथेही जमत नाही. भेटी २५ वर आणल्या तरी ७५ विकायच्या, म्हणजे प्रत ४११ रुपयांना.

पाचशेचा मोह मात्र इतक्या सहज सुटणारा नव्हता, आणि सुटू नयेही. ३०० वरून ५०० वर जायला फक्त ७,२०० रुपये लागत होते. २०० प्रती ३६ रुपयांनी! ते सोडायचे का? इथे प्रश्न असा विचारावा : त्या प्रती नंतर लागल्या, तर कितीला मिळतील? नंतर लागतील तेवढ्याच डिजिटलवर काढायच्या तर १२५ ने. ७,२०० रुपयांत अशा ५७ प्रती येतात. म्हणजे ३०० संपल्यावर ५७ पेक्षा जास्त प्रती लागतील अशी खात्री असेल तर ५०० छापणं शहाणपणाचं, नाहीतर नाही. बाईंच्या यादीप्रमाणे २६० आणि ६० मिळून ३२० लागणार होत्या, म्हणजे २० कमी पडणार. ३०० वर शिक्कामोर्तब झालं.

उरलेल्या प्रती नुसत्या पडून राहत नाहीत, हेही त्यांना सांगितलं. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन असतं. ठाण्याच्या पावसाळ्यात कार्डाची आतली बाजू ओल धरते, लॅमिनेशनची बाजू धरत नाही, आणि मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला वळायला लागतं. गठ्ठे प्लास्टिकमध्ये बंद, आडवे आणि जमिनीपासून वर ठेवले तर बराच बचाव होतो. दोन पावसाळे काढलेली प्रत नवी म्हणून विकणं मात्र कठीण.

छपाईनंतरची पोचवणी हा सगळ्यात कमी धरला जाणारा खर्च, आणि तो प्रती वाढवून कमी होत नाही. पुस्तक काट्यावर २०५ ग्रॅम भरलं, पुठ्ठा आणि पाकीट धरून २४५ च्या आसपास. टपाल खात्याची ज्ञान पोस्ट १ मे २०२५ ला सुरू झाली. तिच्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर पडतात. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे, पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं, आणि माल जमिनीवरून जात असल्याने वेळ लागतो. पॅकिंगचे ८ रुपये धरून पार्सल ३२ रुपयांना पडलं. जादा एक प्रत छापायला ३६ आणि तीच घरपोच पोचवायला ३२! कुरिअर केलं असतं तर पोचवणी छपाईच्या पुढे गेली असती. एकाच पत्त्यावर दोन प्रती मागणाऱ्यांचं पार्सल ५०० ग्रॅमच्या आत बसतं आणि टपाल पाचच रुपयांनी वाढतं, म्हणून दोन प्रती एकत्र पाठवल्या की प्रतीमागे टपाल कमी पडतं.

किंमत २५० ठेवली. प्रकाशन समारंभात आणि हातोहात २०० ला १२० प्रती गेल्या, त्याचे २४ हजार. टपालाने ८० गेल्या. टपाल आणि पॅकिंगचे प्रतीमागे ३२ सगळीकडे धरले तरी १७,४४० हातात आले. दोघा-तिघांनी दोन घेतल्याने थोडे वाचले, ते मी मोजले नाहीत. विक्रेत्यांकडे ४० प्रती ४० टक्के कमिशनवर, त्याचे ६ हजार, तेही विकल्यानंतर आणि आठवण करून दिल्यानंतर. जमा ४७,४४०, खर्च ४९,७००. तूट २,२६०. याच विक्रीवर ५०० छापल्या असत्या तर तूट साडेनऊ हजारांच्या जवळ गेली असती आणि २०० प्रती पलंगाखाली.

तीनशे संपल्यावर मागणी आली, तेव्हा ४० प्रती डिजिटलवर काढल्या. या प्रतींवर आधीचे १८ हजार पुन्हा टाकायचे नाहीत, ते पहिल्या आवृत्तीने सोसले आहेत. छपाईचे ५ हजार, आणि एक नवीन ओळ : मुखपृष्ठ दुरुस्ती ५०० रुपये. डिजिटलवाल्याकडे तोच कागद नव्हता, ८० जीएसएमचा होता, आणि ८८ पानांचा गठ्ठा ९ मिलिमीटरचा साडेदहा झाला. जुन्याच फाइलवर छापलं असतं तर कण्यावरचं नाव मधोमध न बसता एका कडेला सरकलं असतं आणि पुढच्या बाजूची कड कण्यावर आली असती. म्हणून मुखपृष्ठ करणाऱ्याशी सुरुवातीलाच दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : मूळ फाइल लेखकाच्या ताब्यात राहील, आणि कण्याची रुंदी एकदा फुकट बदलून मिळेल. यातली दुसरी बाईंच्या करारात नव्हती, म्हणून ते ५०० गेले. प्रत १३७ रुपये ५० पैशांना पडली आणि २५० लाच विकली गेली. प्लेटा नसल्याने वाचकांनी पेन्सिलीने गोल करून पाठवलेल्या चुकाही याच फेरीत दुरुस्त झाल्या, त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत.